पंखा चालेल, एसी चालणार नाही

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वर-हेदवी पट्ट्यात एक आठ खोल्यांचं लॉज आहे. बुकिंगच्या एका मोठ्या संकेतस्थळावर त्याची माहिती इंग्रजीत होती, ती मराठीत करायची होती. मालक मराठी, येणारी बहुतेक कुटुंबं पुणे, सांगली, कोल्हापूरकडची. तरीही मूळ मजकूर शहरातल्या एका एजन्सीने इंग्रजीत लिहिलेला, आणि लिहिणारा माणूस लॉजवर कधी गेलेला नव्हता. अशा मजकुराचा अनुवाद करणारा त्या साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याच्या हातून जे वाक्य सुटतं, तेच वाचून कोणीतरी आईवडिलांना आणि पोरांना घेऊन आठ तासांचा प्रवास करून तिथे पोचतं. म्हणून हे काम मला भाषेच्या आधी जबाबदारीचं वाटतं.

अशा पानावर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक म्हणजे सोयींच्या चौकटी: वाय-फाय, पार्किंग, एसी, पॉवर बॅकअप. मालक फक्त खूण करतो, आणि त्या शब्दांचं मराठी संकेतस्थळाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. दुसरा म्हणजे लॉजचं मोकळं वर्णन, खोल्यांची माहिती, नियम, फोटोंखालच्या ओळी. चौकटीला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलता येतं. लॉजमधलं खरं उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘आहे, पण’ असं असतं. या ‘पण’ला जागा फक्त मोकळ्या वर्णनात मिळते, आणि अनुवादात सगळ्यात आधी गळतो तोच.

या लॉजच्या वर्णनात चोवीस तास पॉवर बॅकअप असल्याचं लिहिलं होतं. त्याचं मराठी हाताशी तयारच असतं: ‘२४ तास वीज’. वाचायला छान, शब्दही कमी. पण बॅकअप कशाचा, हे इंग्रजी मजकुरात कुठेच नव्हतं, म्हणून मालकांना फोन केला.

“इन्व्हर्टर आहे ना! लाइट गेली तरी ट्यूब, पंखा चालू.”

“आणि एसी, काका?”

“अहो, इन्व्हर्टरवर एसी कसा चालेल? त्याला जनरेटर लागतो. तो काय आपल्याकडे नाही.”

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात बॅकअप म्हणजे अंधार होऊ न देणं. पण मे महिन्यात एसीचे जादा पैसे मोजून आलेल्या माणसाच्या डोक्यात तो अर्थ नसतो. हिशोब साधा आहे. छताचा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास वीज घेतो, एलईडीचा दिवा दहा वॉटच्या आसपास. दीड टनाचा एसी चालताना दीड किलोवॅटच्या घरात जातो, म्हणजे एक एसी म्हणजे जवळजवळ वीस पंखे. दोन-चार बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरचं ते कामच नाही. त्यात कोकणात पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की वीज काही तास येत नाही, त्यामुळे बॅटरी किती वेळ पुरते हेही विचारावं लागतं. काकांच्या अनुभवाने साधारण चार तास. मराठी वाक्य मग असं झालं: ‘वीज गेल्यास खोलीतले दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर साधारण चार तास चालतात. त्या वेळात एसी बंद राहतो.’ मूळ दाव्यापेक्षा हे लांब आहे, आणि ते वाचून एखादा पाहुणा दुसरीकडे जाईलही. पण जो येईल, तो रात्री दोन वाजता काकांचं दार ठोठावणार नाही.

इथे एक पथ्य सांगितलं पाहिजे. मालकाकडून खरी गोष्ट कळली, म्हणून फक्त मराठीत दुरुस्ती करून गप्प बसायचं नाही. तसं केलं तर एकाच लॉजची दोन भाषांत दोन वेगळी वचनं होतात, आणि भांडण झालं की पाहुणा इंग्रजी पान उघडून दाखवतो. शंका लिहून मालकाकडे पाठवायची, इंग्रजी आधी दुरुस्त करून घ्यायचं, मग मराठी. मालकाने इंग्रजी बदलायला नकार दिला, तर ते वाक्य मराठीत उतरवायला आपणही नकार द्यावा, असं माझं मत आहे.

गरम पाण्याची गोष्ट याच जातीची. इंग्रजीत नुसतं ‘हॉट वॉटर’ होतं, आणि चौकटीतही खूण होती. प्रत्यक्षात गच्चीवर दोनशे लिटरची टाकी असलेला सोलर. चांगलं ऊन पडलं की त्यातलं पाणी साठ अंशांच्या आसपास तापतं आणि गार पाणी मिसळून तीनेकशे लिटर तरी होतं. लॉज भरलेलं असेल तर सोळा माणसं. प्रत्येकाने एकेक मोठी बादली घेतली की टाकी संपत आली, म्हणजे उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी. जुलैत आभाळ आठवडाभर उघडत नाही, तेव्हा सोलर तापतच नाही आणि घरचे लोक मागच्या पडवीत बंब पेटवतात. हे सगळं कळल्यावर मी लिहिलं: ‘अंघोळीसाठी सोलरचं गरम पाणी सकाळी ६ ते ९ या वेळेत. पावसाळ्यात सोलर तापत नसेल तेव्हा बंबातलं गरम पाणी बादलीने खोलीत आणून दिलं जातं.’ दुसरं वाक्य कमीपणाचं वाटून मालक आधी कचरले होते. मला ते त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं. बादली मिळणार हे आधी माहीत असलेला पाहुणा बादली पाहून चिडत नाही.

अंतरांनी तर जास्त फसवणूक होते. जवळची ठिकाणं म्हणून गणपतीपुळ्याचं नाव होतं आणि पुढे पंचवीस-तीस किलोमीटरच्या घरातला आकडा. नकाशावर सरळ रेघ मारली की तो बरोबर आहे. पण मध्ये जयगडची खाडी येते. तवसाळहून जयगडला जायला फेरीबोट आहे, गाडीही त्यातून नेता येते. मात्र तिला वेळा असतात, आणि ती चुकली किंवा बंद असली तर खाडीला वळसा घालून पुलाच्या रस्त्याने जाण्यात सकाळ मोडते. कोकणात ‘किती लांब’ याचं उत्तर खाडी ठरवते. तिथे नुसता आकडा मराठीत उतरवणं म्हणजे चूक जशीच्या तशी पुढे ढकलणं. म्हणून लिहिलं: ‘गणपतीपुळे: तवसाळ-जयगड फेरीबोटीने. बोटीच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.’ किलोमीटरचा आकडा काढून टाकला.

जेवणाच्या रकान्यात आणखी एक फसवी जागा होती. दरांपुढे ‘सीपी’ लिहिलेलं होतं. हॉटेलच्या धंद्यात ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण, एपी म्हणजे नाश्त्यासह दोन्ही वेळचं जेवण. सीपीतला ‘सी’ कॉन्टिनेंटलचा. त्यावरून कोणी ‘कॉन्टिनेंटल नाश्ता’ असं मराठी केलं, तर पाहुणा पाव, लोणी, फळांचा रस मागणार आणि समोर येणार पोहे किंवा घावन. खरं तर घावन लिहिलं तर लोक खुशीने येतील, आणि ते खरंही आहे. त्याच भागात ‘रोज ताजी मासळी’ असाही दावा होता. पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत मिळणारी मासळी थोडी, महाग, आणि पुष्कळदा बर्फातली. ‘रोज’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘हंगामानुसार’ आला.

आतापर्यंतचा दोष इंग्रजीचा होता. पण मराठीच्या स्वतःच्याही खोडी आहेत, आणि अनुवादकाला त्या जास्त बाधतात, कारण त्या सवयीने हातातून निघतात. ‘वेल इक्विप्ड’ खोलीचं आपण झटकन ‘सर्व सोयींनी युक्त’ करतो. सर्व म्हणजे कोणत्या? त्यात फ्रीज आला, गीझर आला, लिफ्टही आली. किनारा चालत बारा मिनिटांवर असताना ‘हाकेच्या अंतरावर’ लिहिलं तर आजीला घेऊन भर दुपारी निघालेल्या कुटुंबाला ती हाक फार लांबची ठरते. ‘ऑन रिक्वेस्ट’चं ‘मागणी केल्यास मिळेल’ असं केलं की विनंतीचा हक्क होतो. तिथे ‘आधी कळवल्यास, शक्य असेल तर’ असंच लिहावं लागतं. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणून इथे जमिनीवर गादी देतात. मग ‘जादा गादी’ लिहावं, खाट सुचवू नये.

या काळजीला कायद्याचाही आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही तिच्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एक गोष्ट अनुवादाच्या दृष्टीने मोलाची आहे: दावा ज्या भाषेत, त्याचा खुलासाही त्याच भाषेत हवा. म्हणजे ‘एसी खोली’ मराठीत आणि ‘वीज गेल्यावर एसी नाही’ ही अट खाली बारीक इंग्रजीत, असं चालायला नको. शिवाय मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल तर खुलाशाने तो सुधारून घेता येत नाही, असंही त्या तत्त्वांत आहे.

मजकूर पूर्ण झाल्यावर मी तो लॉज न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला देते, फोटोंशिवाय. तिने फक्त एक यादी करायची: तिथे पोचल्यावर तुला काय काय मिळेल असं वाटतं? ती यादी मालकांना वाचून दाखवायची. या वेळी यादीत ‘खोलीतून समुद्र दिसेल’ होतं. काका लगेच म्हणाले, वरच्या दोनच खोल्यांतून दिसतो. मजकुरात तसं वाक्य कुठेच नव्हतं. ‘समुद्राची गाज ऐकत विसावा घ्या’ या ओळीवरून वाचणारीने समुद्र डोळ्यांसमोर आणला होता. ओळ काढली, आणि त्या दोन खोल्यांच्या नावापुढे ‘समुद्र दिसतो’ असं लिहिलं. उरलेल्या सहांपुढे ‘बागेकडची खोली’. तिच्या यादीत जे नव्हतं, तेही कामाचं ठरलं. खोल्यांपर्यंत जायला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या आहेत हे तिला कळलंच नव्हतं, कारण मूळ मजकुरात ते नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी पानावरची सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. पायऱ्यांची ओळ आता वर्णनाच्या सुरुवातीला, पार्किंगच्या शेजारी आहे.

दिवाळीच्या आधी चार खोल्यांत गीझर बसवायचा काकांचा विचार आहे. “आत्ताच लिहून टाका ना, बुकिंग तेव्हाचीच येतायत,” असं ते म्हणाले. मी नाही लिहिलं. गीझर बसून पाणी तापलं की त्याच दिवशी दोन्ही भाषांतलं वाक्य बदलायचं, आणि कोणत्या चार खोल्या हेही लिहायचं, असं आमचं ठरलं आहे.