चूक एक, मुळे चार

पोलिओच्या रविवारी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन सिल्वासातील केंद्रावर आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. मूल तोंड उघडते, दोन थेंब पडतात आणि काम संपते. इतक्या सोप्या कामात चूक ती कशी व्हावी? परंतु ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे, म्हणजे सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बचावली.

त्या दिवशी नेमके काय बिनसले, याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र अशी चूक चार निरनिराळ्या मुळांतून उगवू शकते. जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९० साली आपल्या ग्रंथात ही विभागणी सविस्तर मांडली.

पहिली हातचूक. कार्यकर्तीस सर्व ठाऊक आहे, पण लक्ष क्षणभर ढळते आणि हात शेजारच्या बाटलीकडे जातो. अशी चूक सरावलेल्या हाताकडूनच अधिक होते; म्हणून तिला पुन्हा शिकवणे व्यर्थ होय. लसीच्या मेजावर दुसरी बाटलीच नसावी, हा तिचा खरा उपाय.

दुसरा विसर. कुपी तपासावयाची होती. इतक्यात कोणी हाक मारली आणि ती पायरी गळाली. येथे डोळ्यांसमोर टांगलेली कामांची यादी उपयोगी पडते. खंड पडल्यास पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ करावा.

तिसरा चुकीचा समज. हातातील बाटली लसीचीच आहे, असे तिला मनापासून वाटते. मग यादी असली तरी ती प्रामाणिकपणे खूण करील! येथे मात्र शिक्षण हवे. लसीच्या कुपीवर वर्तुळात फिका चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो; वर्तुळाच्या रंगाशी तो जुळला की लस टाकून द्यावी. ज्या बाटलीवर ही खूण नाही, तिच्यातील थेंब मुलाच्या तोंडी जाता कामा नये.

चौथा नियमभंग. तपासणीचा नियम ठाऊक असून, रांग लांबली म्हणून तो जाणूनबुजून टाळला जातो. येथे देखरेख हवी, प्रसंगी शिक्षाही हवी. परंतु रांग का लांबली हेही पाहावे. माणसे अपुरी असतील, तर उद्या दुसरी व्यक्तीही तोच नियम मोडील.

शिक्षेचा थोडाफार उपयोग होतो तो या चौथ्या प्रकारात. पहिल्या तिघांत करणाऱ्यास आपण चुकतो आहोत हेच ठाऊक नसते. मग धाक त्यास कसा आवरणार? उलट धाकाने चूक लपवली जाते आणि बालकावरील उपचारास विलंब होतो. म्हणून "कोण चुकले?" असे विचारण्यापूर्वी "कोणत्या प्रकारे चुकले?" असे विचारावे.