गुरुवारी पाणी नाही: अध्यक्षांचा चाळीस सेकंदांचा निरोप

पुणेकरांना गुरुवारची पाणीबंदी नवी नाही. पंपिंग आणि वीजयंत्रणेच्या दुरुस्तीसाठी महापालिका बऱ्याचदा हाच वार निवडते आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने येईल असंही कळवते. सोसायटीच्या निरोपात नेमका हा शुक्रवार गळतो. मग गुरुवार कसाबसा निभतो आणि शुक्रवारी सकाळी आंघोळीच्या वेळी नळ कोरडे पडतात.

चाळीस फ्लॅट, एकशेसाठ माणसं अशी सोसायटी धरू. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या मापाने दिवसाला २१,६०० लिटर पाणी लागतं. खालची टाकी ३०,००० लिटरची, गच्चीवरची १०,००० लिटरची. दोन्ही काठोकाठ भरल्या, तरी गुरुवार-शुक्रवार मिळून ३,२०० लिटर कमीच पडतात. एवढी तूट वेळ ठरवून पाणी सोडलं तर भरून निघते, टँकर लागत नाही. मात्र नुसतं ‘पाणी भरून ठेवा’ म्हटलं, की बुधवारी रात्री घरोघरी दोनशे लिटरचं पिंप भरलं जातं. एका तासात ८,००० लिटर उपसले जातात, टाकी पुन्हा भरायला रात्र अपुरी पडते आणि शनिवारी त्यातलं बरंचसं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतलं जातं. म्हणून किती भरायचं, हे निरोपातच सांगायला हवं.

बुधवारी दुपारी पाठवायचा निरोप मी असा लिहीन:

“नमस्कार, मी सोसायटीचा अध्यक्ष बोलतोय. गुरुवार, चौदा तारखेला दिवसभर महापालिकेचं पाणी बंद आहे. शुक्रवारी, पंधरा तारखेलाही ते उशिरा आणि कमी दाबाने येईल. दोन्ही दिवस आपल्या टाकीचं पाणी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ सोडू. प्यायचं पाणी आणि दोन बादल्या भरून ठेवा, पिंपं भरू नका. पाणी गेल्यावर नळ बंद आहेत ना, ते बघा. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आजच सेक्रेटरींना कळवा. कामाला येणाऱ्या मावशींनाही वेळ सांगा.”

यात ‘उद्या’ हा शब्द मुद्दाम टाळलाय. आवाजी निरोप कुणी रात्री ऐकतं, कुणी दुसऱ्या दिवशी, आणि गुरुवारी ऐकणाऱ्याचा ‘उद्या’ शुक्रवार असतो. तारीख बोलली की घोळ होत नाही. दुरुस्ती कुठे, कशाची, हे लेखी सूचनेत द्यावं. ऐकणाऱ्याला आधी वेळ हवी असते.

दुसरा निरोप पाणी आल्यावर. रिकाम्या झालेल्या जलवाहिनीत दाब परतला, की तळाचा गाळ ढवळतो आणि सुरुवातीचं पाणी गढूळ येतं. वॉचमनने ते टाकीत न घेता स्वच्छ होईपर्यंत बाहेर सोडावं, आणि मगच अध्यक्षांनी सांगावं: “पाणी आलंय, टाकी भरतेय. आज पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्या. संध्याकाळची वेळ तीच, सहा ते आठ.”