गाडी पुण्याची, मुक्काम बेंगळुरूला

नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेलेल्या माणसाला शेजारपाजारचे लोक पहिल्याच महिन्यात सांगायला लागतात, की लायसन्स आणि गाडी लवकर इकडची करून घ्या. यातल्या लायसन्सची घाई करण्याचं कारण नाही. महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स मुदत संपेपर्यंत देशभर चालतं. त्यावरचा पत्ता बदलायचा असेल, तर ‘सारथी’ पोर्टलवर कर्नाटक हे राज्य निवडून अर्ज करायचा आणि नव्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. अडचण येते ती जुन्या पुस्तकी लायसन्सची. त्याची नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर आधी ते काढलं त्या आरटीओत जाऊन ती करून घ्यावी लागते. पुणं सोडण्यापूर्वी पोर्टलवर आपला लायसन्स नंबर घालून पाहिला, तर हे घरबसल्या कळतं.

गाडीचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे कर येतो. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे सहा-आठ महिन्यांच्या कामासाठी गेलेल्याने एमएच १२ची पाटी बदलण्याची गरज नाही. मात्र गाडी राज्यात कधी आली हे विचारलं जाऊ शकतं, म्हणून ती ट्रकने पाठवल्याची बिल्टी किंवा वाटेतल्या टोलच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

मुक्काम लांबणार हे नक्की असेल, तर सुरुवात पुण्याच्या आरटीओतून होते. तिथे फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी घ्यायची. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची संमती आधी लागते, आणि बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. विमा आणि पीयूसी चालू हवी, दंडाची चलानं भरलेली हवीत. वर्षापूर्वीचं एखादं विसरलेलं ई-चलानही अर्ज अडवतं. आणखी एक साधी गोष्ट अनेकांना अडवते: ओटीपी जातो तो ‘वाहन’ पोर्टलवर नोंदलेल्या मोबाइलवर. तो नंबर बंद असेल, तर आधी तो बदलून घ्यावा. एनओसीवर कोणत्या आरटीओसाठी ती दिली आहे, हेही लिहिलेलं असतं. बेंगळुरूत आरटीओ बरेच आहेत. म्हणून घर पक्कं होण्याआधी एनओसी काढू नये. कोरमंगलाच्या नावाने दाखला काढला आणि राहायला यशवंतपूरला गेलात, तर पुन्हा पुण्याकडे पाहावं लागतं.

बेंगळुरूत फॉर्म २७ भरायचा, गाडी तपासणीला न्यायची आणि कर्नाटकचा कर भरायचा. खरा धक्का इथे बसतो. समजा, गाडी पेट्रोलवरची, आठ लाखांची आणि चार वर्षं जुनी आहे. घेताना महाराष्ट्रात ११ टक्के दराने ८८ हजार रुपये एकरकमी कर भरलेला आहे. तो १५ वर्षांचा धरला जातो. कर्नाटकात याच किमतीच्या नव्या गाडीला १४ टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार कर पडतो, शिवाय उपकर. गाडी जुनी असल्याने वयानुसार त्यात सूट मिळते. तरीही हाती मोठी रक्कम तयार लागते, कारण महाराष्ट्राकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मिळतो तो इथे पैसे भरून नवा नंबर पडल्यानंतर.

ही रचना मला अन्यायाची वाटते. एकाच गाडीचा त्याच वर्षांचा कर दोन राज्यांकडे अडकून राहतो आणि भार पगारदार माणसावर पडतो. म्हणून परतावा सोडून देऊ नये. त्यासाठी अर्ज पुण्याच्या आरटीओत करायचा. त्यासोबत कर भरल्याची मूळ पावती, नव्या आरसीची प्रत आणि बँक खात्याचा तपशील लागतो. परतावा सरकारी कोष्टकाप्रमाणे ठरतो, त्यामुळे ८८ हजारांतले उरलेल्या ११ वर्षांचे पैसे सरळ भागाकाराने मोजून त्याच्या भरवशावर बेत आखू नये. जुनी आरसी जमा करण्यापूर्वी तिची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी. हा अर्ज करताना तीही उपयोगी पडते.

नवा नंबर पडला की पाटी बदलते, आणि त्यासोबत आणखी दोन ठिकाणी तो कळवावा लागतो. विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्यावा, नाहीतर अपघातानंतर दावा करताना कागद आणि गाडी जुळत नाहीत. फास्टॅगही जुन्या नंबराशी जोडलेला असतो. तो बदलायचा राहिला, तर टोलनाक्यावर पाटी आणि टॅग वेगळे दिसतात.