शिवनेरीच्या सहलीचा डबा

शिवनेरी पाहून सहल दुपारी एकला खाली उतरणार आणि नारायणगावच्या आचाऱ्याने मसालेभात पहाटे पाचलाच डब्यांत भरलेला. मधले आठ तास धोक्याचे. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात ६० अंशांखाली येऊन कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करणारं विष सोडतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, वासावरून तर कळतच नाही.

म्हणून वेळ जेवणापासून मागे मोजावी. एकला पंगत, साडेबाराला पायथ्याशी डबे, साडेअकराला वाफाळता भात भरून उष्णतारोधक पेटीत.

पहाटेच निघायचं असेल, तर माझं मत दशम्या आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीला. मात्र दशम्या निवल्यावरच रचाव्यात. नाहीतर झाकणाला वाफ धरते, पाणी ओघळतं आणि त्या चिकट होतात.

डब्यावर भरल्याची वेळ, 'अमुक वाजेपर्यंत खा' आणि 'शेंगदाणे आहेत' एवढं ठळक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. आणि कोमट भाताला चार तास उलटले असतील, तर हळहळ न करता तो टाकून द्या.