नळीभर हवा, एक नादकाटा आणि आवाजाचा वेग

बाटली नळाखाली धरली की ती भरत आल्याचं न बघताही कळतं. पाणी चढतं तशी वरची हवा कमी होते आणि आवाज बारीक होत जातो. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये याच गोष्टीवरून आवाजाचा वेग काढतात.

काचेची उभी नळी, तिच्यात खालीवर करता येणारं पाणी आणि ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क. काटा रबरावर आपटून नळीच्या तोंडावर धरायचा (काचेला टेकवायचा नाही, ती तडकू शकते) आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका जागी तो मंद आवाज एकदम घुमतो. हाच अनुनाद.

असं का होतं? काट्याचं टोक खाली येताना हवा दाबली जाते. तो दाब पाण्यापर्यंत जाऊन परत तोंडाशी येतो. तोवर टोक नेमकं उलट वळलं असेल, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यात भर घालतो, झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यासारखा. म्हणजे अर्ध्या कंपनात आवाज खाली जाऊन वर आला. म्हणून नळीतल्या हवेची लांबी तरंगलांबीच्या पाव भागाइतकी असते.

समजा, २७ अंश सेल्सिअसला पहिला घुमारा १५.९ सेंटीमीटरवर मिळाला. त्याची चौपट ६३.६. वारंवारितेने गुणलं तर वेग येतो सेकंदाला सुमारे ३२६ मीटर. या तापमानाला तो ३४७च्या आसपास हवा! मोजणी बरोबर आहे, मग २१ मीटर गेले कुठे?

गंमत नळीच्या तोंडाशी आहे. कंपणारी हवा काठावर थांबत नाही, थोडी बाहेरही डोलते. हा जास्तीचा तुकडा नळीच्या आतल्या व्यासाच्या साधारण ०.३ पट असतो. साडेतीन सेंटीमीटर व्यासाला तो एक सेंटीमीटरच्या जरा वर जातो, आणि तो पट्टीने मोजता येत नाही.

त्यावर उपाय म्हणजे पाणी आणखी खाली नेऊन दुसरा घुमारा शोधणं. तो ४९.८ सेंटीमीटरवर मिळतो. दोन्ही लांबींत बाहेरचा तुकडा तेवढाच असल्याने वजाबाकीत तो उडून जातो. उरतात ३३.९ सेंटीमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी. दुप्पट करून ५१२ने गुणलं की वेग ३४७ मीटर.

दुसरी लांबी पहिलीच्या तिपटीहून किंचित जास्त यायला हवी. पाचपटीच्या पुढे गेली, तर मधला घुमारा ऐकायचा राहिला. तापमानही लिहून ठेवावं लागतं, कारण दर अंशामागे वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो.

दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीचं गणित वेगळं. तिथे पहिलाच अनुनाद अर्ध्या तरंगलांबीवर येतो आणि बाहेरचा तुकडा दोन्हीकडे धरावा लागतो. पीव्हीसी पाइपच्या तोंडावर तळहात आपटा. हात लगेच उचलला तर एक सूर येतो, तिथेच दाबून ठेवला तर जवळजवळ एक सप्तक खालचा.