पोट मऊ, पण वेदना असह्य

72 वर्षांच्या आजी पहाटे अचानक पोट धरून उठतात. एक उलटी, पाठोपाठ पातळ जुलाब. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तास उलटलेले असतात आणि त्या कॉटवर अक्षरशः तळमळत असतात. डॉक्टर पोट दाबून पाहतात, तर ते मऊ. सोनोग्राफीतही विशेष काही दिसत नाही. घरच्यांच्या मते रात्रीचं जेवण जड झालं, गॅस असणार.

ही आजी काल्पनिक आहे, पण तिचं चित्र पोटाच्या सर्जनांच्या चांगल्या परिचयाचं आहे. त्यात आणखी एक तपशील असतो, जो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि दात काढायचा म्हणून बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरूच झालेली नाही.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही. तिथे रक्त साकळतं, गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती आतड्याकडेही जाऊ शकते. लहान आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी महाधमनीतून तिरपी खाली उतरते, त्यामुळे गुठळी तिच्यात सहज शिरते आणि काही सेंटिमीटर पुढे, धमनी निमुळती होते तिथे अडकते. या आजाराला मेसेंटेरिक इस्कीमिया म्हणतात.

मग पोट मऊ कसं? रक्त तुटल्यावर आधी आतड्याचं आतलं अस्तर मरू लागतं. वेदना तिथूनच येते. पोट कडक होतं ते नंतर, इजा आतड्याच्या भिंतीतून बाहेर पोहोचून पोटाच्या आवरणाला सूज आली की. मधल्या काळात दुखणं थोडं कमी झाल्यासारखंही वाटतं, आणि तो दिलासा फसवा असतो. साधारण सहा ते बारा तासांत आतडं कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून तपासणीत जेवढं सापडतं त्यापेक्षा वेदना फारच जास्त, ही विसंगतीच सर्वांत मोठी खूण मानायला हवी.

निदान होतं सीटी अँजिओग्राफीने. रक्तातलं लॅक्टेट सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं, तेवढ्यावर निर्धास्त होणं धोक्याचं. मूत्रपिंडाच्या रिपोर्टची वाट पाहत हा स्कॅन लांबवण्यातही तोटाच जास्त. निदान झालं की सलाईन, हेपॅरिन आणि अँटिबायोटिक सुरू होतात. गुठळी शस्त्रक्रियेने किंवा धमनीत नळी घालून काढतात, मेलेलं आतडं कापावं लागतं. उरलेलं जगलं का, हे पाहायला एक-दोन दिवसांनी अनेकदा पुन्हा पोट उघडतात. एवढं करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, आणि उशीर झाला तर त्याहून अधिक.

घरात अनियमित ठोक्यांचं ज्येष्ठ माणूस असेल आणि पोटात अचानक असह्य दुखू लागलं, तर थेट सीटी स्कॅन व सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. पोहोचताच पहिल्या वाक्यात हृदयाचा आजार सांगा, आणि रक्त पातळ करणारी गोळी कधीपासून चुकली तेही.