निरोपाची चार वाक्ये

दोडामार्ग तालुक्यातला गंभीर रुग्ण अनेकदा गोव्यात बांबोळीला नेला जातो. इलाज संपले की तो घरी येतो. मग मित्रांची पंचाईत होते. जायचे, पण बोलायचे काय? बहुतेक जण 'होशील बरा' म्हणून उठतात. रुग्णाला खरे ठाऊक असते, त्यामुळे या वाक्यापुढे तो काहीच बोलू शकत नाही.

अमेरिकेतील उपशामक उपचारतज्ज्ञ आयरा बायॉक यांनी 2004 मधील पुस्तकात अशा वेळच्या चार गोष्टी मांडल्या: मला क्षमा कर, मी तुला क्षमा केली, तुझे आभार, माझे तुझ्यावर प्रेम आहे. आपल्याकडे मित्राला हे शब्द असे कोणी म्हणत नाही. म्हणून त्यांच्या जागी प्रसंग सांगावा.

समजा, दोन शेजारी मित्र आहेत. बागेच्या वाटेवरून त्यांचे बोलणे तुटले. आता एक अंथरुणावर आहे, दुसरा मुंबईत. मुंबईकराने आवाजी मेसेज पाठवावा तो असा: "अरे, काजीची कलमां लावूक तूच माका शिकवलंस, त्या बागेवर पोरां शिकली. वाटेच्या भांडणात माजी चूक होती, माका माफ कर. माज्या मनात आता काय नाय. तू माका भावासारखो. जवाब देव नको, नुसतो आयक." जेमतेम अर्धा मिनिट. यात चारही गोष्टी आल्या.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. उत्तराची अपेक्षा ठेवली की थकलेल्या माणसावर ओझे पडते. क्षमा मागताना भांडणाचा तपशील उगाळू नये, आणि त्याला माहीतच नसलेली चूक आपले मन हलके करण्यासाठी त्याच्यापुढे मांडू नये. मेसेज घरच्या माणसाला आधी कळवून, रुग्ण जागा असताना ऐकवायला सांगावा.

भेटायला जाणार असाल, तर तो कोणत्या वेळी ताजातवाना असतो ते विचारा. उशाशी उभे न राहता बसा, म्हणजे नजर समोरासमोर येते. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. डोळे मिटू लागले, उत्तरे तुटक झाली, की उठावे.

फार थांबू मात्र नये. दिवसाचा बहुतेक वेळ झोप, घोट गिळता न येणे, हातपाय गार पडणे, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे ही अखेर जवळ आल्याची लक्षणे आहेत. या टप्प्यावर संवाद सहसा एकतर्फीच उरतो.

तरीही बोलावे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृत्यूच्या उंबरठ्यावरील, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या. त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता. शब्दांचा अर्थ त्यांना कळत होता की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण कानाशी जाऊन, आपले नाव सांगून, चार वाक्ये हळू बोलायला तेवढे कारण पुरेसे आहे.